तीन नुक्ते

आमच्या आणि मंदाकाकूंच्या अंगणामधली भिंत बरोबर छातीइतकी उंच आहे. बांधताना काकूंनीच गवंड्याला सांगितलं होतं म्हणे, की हिच्यावर मेथीची जुडी आणि दोन कोपरं मावली पाहिजेत. नांदेडमध्ये तरोड्याच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बातम्या या भिंतीवर निवडल्या जातात, देठं वेगळी, पानं वेगळी. शेवग्याचं झाड काकूंचं, शेंगा मात्र आमच्या बाजूला जास्त लागतात, त्यामुळं व्यवहार बरोबरीचा.

मार्चातली गोष्ट. मी कपडे वाळत घालत होते.

"काय करूलालीस गं? ते राहू दे. इकडं ये. किसनच्या कामाचं विचारायचं हाय."

"कोणता किसन काकू?"

काकूंनी मेथीची जुडी भिंतीवर आपटली. "हीच तर बोंब हाय माय. तूबी हेच विचारलीस. तलाठ्यानंबी हेच विचारलं."

मी एकतीस वर्षं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काढली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीतल्या कुणाच्या घरी स्टँपपेपर दिसला की बोलावणं मला येतं. त्यामुळं काकू गप्पा मारायला बोलावतात की फुकटचा सल्ला घ्यायला, हे मला पहिली दहा मिनिटं कळत नाही.

काकूंचं माहेर लातूरचं. थोरले भाऊ आप्पा त्या फेब्रुवारीत गेले, शहाऐंशी वर्षांचे होऊन. गंजगोलाईच्या एका अडतीवर आप्पांनी चाळीस वर्षं मुनीमकी केली. लिहिणं-वाचणं शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दूत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढं मराठी आलीच, सही-शिक्का, पत्रव्यवहार सगळा मराठीत. पण स्वतःपुरतं काही लिहायचं तर हात उजवीकडूनच सुरू व्हायचा. "मालकाच्या पोरांना वाचता येऊ नये म्हून," काकू म्हणतात. मला वाटतं, तसं काही नसावं. लहानपणी ज्या लिपीत बेरीज शिकली, त्या लिपीतच माणसाला आपला पैसा खरा वाटतो.

मुनीमकीतून वाचवलेल्या पैशातून आप्पांनी औशाच्या बाजूला सहा एकर रान घेतलं. वडिलोपार्जित नाही, स्वतःच्या कमाईचं, म्हणजे मृत्युपत्रानं कुणालाही द्यायला मोकळं. मृत्युपत्र केलं 2014 साली. पुण्यातल्या दोन मुलांना दोन-दोन एकर, मुलीला आईचे दागिने, आणि उरलेलं दोन एकर, ज्यात विहीर आहे ते, त्याच्यापुढं ही ओळ: "आमच्या घरचा किसन, जो नांदेडास कारकून आहे, त्यास द्यावे."

"आणि विहिरीचं पाणी म्हणशील तर," काकू भिंतीवरून पुढं झुकल्या, "2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं का नाही? त्या उन्हाळ्यातबी तिच्यात दोन परस पाणी होतं."

म्हणजे चार एकर एका पारड्यात आणि ते दोन एकर दुसऱ्या पारड्यात टाकले, तर काटा कुठं झुकेल हे कुणालाही सांगावं लागत नव्हतं.

आता किसन. काकूंचे भाचे दोन. एक भावाचा मुलगा, म्हणजे आप्पांचा पुतण्या, किसन. औशाला शेती करतो, वय साठीच्या आसपास. घरात त्याला थोरला किसन म्हणतात. दुसरा बहिणीचा मुलगा, आप्पांचा भाचा, तो धाकटा. त्याचं नाव कागदोपत्री किशन. नांदेडला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. पण आपल्याकडं तोंडात श कुठं बसतो? हाक मारताना दोघंही किसनच. एकाच वाड्यात दोन किसन म्हणून थोरला-धाकटा करावं लागलं, आणि आप्पांनी मृत्युपत्रात नेमकं तेवढंच लिहिलं नाही.

"अगं पण धाकटाच कारकून आहे ना? मग भांडण कशाचं?"

"थोरल्याची बायको म्हणूलाली, आमचे हे बी नांदेडला होते. जिनिंगमधी दोन हंगाम हिशेब लिहिले. कारकूनच की ते! अन् कागदावर नाव सरळ आमचंच, किसन. धाकट्याचं नाव किशन. त्याच्या आधारकार्डावर बघा म्हणती."

बघायला गेलं तर बाई काही खोटं बोलत नव्हती.

धाकट्यानं फेरफारासाठी तलाठ्याकडं अर्ज दिला. नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच. नमुना सहामध्ये नोंद धरली गेली, हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, पंधरा दिवसांची मुदत. चौदाव्या दिवशी थोरल्याची हरकत आली. हरकत आली की नोंद तक्रारीच्या वहीत जाते आणि सुनावणी लागते. मंडळ अधिकाऱ्यानं दोघांना समोर बसवून सांगितलं, मृत्युपत्रावरूनच वाद असेल तर मी ठरवणारा कोण, दिवाणी कोर्टात जा. ते बरोबरच होतं. फेरफार म्हणजे सरकारी सारा कुणाकडून घ्यायचा याची नोंद, मालकी ठरवायची जागा ती नव्हे. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये हेच सांगितलं, की मृत्युपत्रावर वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालयातून हक्क ठरवून आणा. तरीही मंडळ अधिकाऱ्यानं एक महिना दिला. आपसात मिटतं का बघा म्हणाला.

"मंग तूच सांग आता. नाव चुकलं म्हणजी कागद मेला का?"

मी सांगितलं, मेला नाही. 1925 चा उत्तराधिकार कायदा आहे, त्याचं 76 वं कलम आपल्या हिंदू मृत्युपत्रांनाही लागू आहे. ज्याला द्यायचं तो माणूस बाकीच्या वर्णनावरून पुरेसा ओळखू येत असेल, तर नावातल्या चुकीनं देणं बुडत नाही. कायद्यात उदाहरणही दिलंय. एकानं लिहिलं, माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस याला द्या. जॉनला थॉमस नावाचा मुलगाच नाही, दुसऱ्या मुलाचं नाव विल्यम. तर मिळतं विल्यमला.

काकू विचारात पडल्या. "अन् पहिला मुलगा थॉमस असता तर?"

मला हसू आलं. ते दुसरं उदाहरण कायद्यात खरंच आहे. पहिल्या मुलाचं नाव थॉमस असलं तरी विल्यमलाच मिळतं, कारण 'दुसरा मुलगा' हे वर्णन त्याला लागू होतं.

"मंग झालं तर! थोरला थॉमस, धाकटा विल्यम!" काकूंनी मेथी गोळा केली. त्यांच्या दृष्टीनं खटला संपला.

संपला कसला? 'दुसरा मुलगा' हे वर्णन एकालाच लागतं. 'नांदेडास कारकून' हे थोरल्याची बायको दोघांना लावत होती. दोघांना लागणारे शब्द असतील तर 80 वं कलम येतं. त्याचंही उदाहरण आहे: माझी चुलतबहीण मेरी हिला द्या, आणि मेरी नावाच्या चुलतबहिणी दोन. तेव्हा मृत्युपत्राबाहेरचा पुरावा चालतो. मरणाऱ्याच्या मनात कोण होतं ते साक्षीनं, कागदानं दाखवता येतं.

"अन् दाखवताच नाही आलं तर?"

इथं मी आवाज खाली केला, कारण भिंतीपलीकडं काकूंची सून भांडी घासत होती आणि तिचं पुण्याच्या जावेशी रोज बोलणं असतं. "तर 89 वं कलम. काय अर्थ काढायचा तेच ठरेना, तर तेवढं देणं रद्द. ते दोन एकर मृत्युपत्राबाहेर पडले, आणि मग कुणाचे? वारसांचे. म्हणजे पुण्याच्या मुलांचे आणि लेकीचे."

काकू जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हून पुण्याची थोरली सून दोघांना बी फोन करूलाली. याला म्हणती तू सोडू नको, त्याला म्हणती तू सोडू नको."

शेवग्याची एक शेंग तेवढ्यात तुटून आमच्या बाजूला पडली. ती काकूंनी मागितली नाही, म्हणजे त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं.

त्या रविवारी धाकटा किशन स्वतः आला. चाळिशी गाठत आलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलताना समोरच्याच्या हातातला कागद वाचत राहायची सवय. आमच्या धंद्यातली माणसं मला लांबून कळतात. त्याच्याकडं आस्थापना शाखा, म्हणजे दिवसभर इतरांची सेवापुस्तकं. कुणाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, नेमणूक आदेशावर दुसरं. ती भांडणं तोच सोडवतो.

घरातल्या कुणीतरी त्याला तोडगा सुचवला होता: गॅझेट कर. नाव किशनचं किसन करून घे, राजपत्रात छापून आणलं की मृत्युपत्राशी जुळलं.

"मावशी, माझं सगळं त्या 'श'वर टांगलंय," तो काकूंना म्हणाला, पण बघत माझ्याकडं होता. आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला वाड्यातल्या इतर भानगडींतून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्याची आई शांता, काकूंची धाकटी बहीण, किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली. 1993 चं गणेशविसर्जन बघायला आठ वर्षांचा किशन हट्ट करून मामाकडं लातूरला आला होता. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातुरात भिंतींना तडे गेले. तिकडं दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची घरं होती, ती झोपलेल्या माणसांवर बसली. किशनच्या घरातलं कुणी उरलं नाही. आप्पांनी त्याला ठेवून घेतला आणि शाळेत घातला. पुढं भूकंपग्रस्तांसाठी सरकारी नोकरीत जे दोन टक्के समांतर आरक्षण आहे, त्यातून तो लागला. त्या दाखल्यावर किशन. शाळेच्या दाखल्यावर किशन. नेमणुकीच्या आदेशावर किशन.

"आज मी किसन झालो, तर उद्या पडताळणीत विचारतील, भूकंपात आईबाप गेलेला किशन कोण अन् नोकरी करणारा किसन कोण. मी रोज लोकांना सांगतो, एक कागद ओढला की बाकीचे उसवतात."

आणि गॅझेटचा उपयोगही नव्हताच. राजपत्रातला बदल छापल्या तारखेपासून पुढं चालतो, मागं जात नाही. 2023 मध्ये किसन झालेल्या माणसाचा 2014 च्या कागदाशी काय संबंध? उलट थोरल्याचा वकील म्हणाला असता, बघा, त्यालाही माहीत होतं की ते नाव त्याचं नव्हतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करता आलं असतं, ते बरं. पण स्वतःच स्वतःसाठी केलेल्या प्रतिज्ञापत्राला वादात फारसं वजन नसतं.

मी विचारलं, साक्षीदार कोण आहेत? दोन होते. एक वारला. दुसरा गोलाईतला शिंपी, अजून मशीन चालवतो. काकूंना आशा वाटली. मला फारशी नव्हती. मृत्युपत्राचा साक्षीदार सहीचा साक्षीदार असतो; आत काय लिहिलंय ते त्याला माहीत असायलाच पाहिजे असं नाही. किशन त्याला भेटून आला होता. शिंपी म्हणाला, सही माझ्यादेखत केली, कागद वाचूनही दाखवला होता, पण बाबा, किसन अन् किशन, माझ्या कानाला दोन्ही एकच.

"मग लिहिलं कुणी?"

"बाँड रायटरनं. ते बी गेले. पण मामांनी आधी कच्चं लिहून दिलं होतं, त्यावरून त्यांनी देवनागरीत उतरवलं." त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक पान काढलं. आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत, अडतीच्या जुन्या वहीत सापडलेलं. उजवीकडून डावीकडं, निळ्या शाईत.

आमच्यात कुणालाच वाचता येईना. काकूंनी ते हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. भावाचं अक्षर त्यांनी जन्मभर पाहिलं होतं आणि एक ओळ वाचता येत नव्हती. त्यांनी ते पान पदरानं पुसलं, धूळ नव्हती तरी.

देगलूर नाक्याकडं एक निवृत्त उर्दू मास्तर राहतात. आमच्या कार्यालयात जुने दस्त वाचायला त्यांना कधीमधी बोलवायचे, म्हणून माझी ओळख. किशनला घेऊन मी गेले. मास्तरांनी चष्मा बदलला, पान खिडकीजवळ नेलं आणि हसले.

"यांना नुक्त्यांचा कंटाळा दिसतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. उर्दूत स आणि श यांची अंगं एकच. तीन दात काढले की झाला सीन. त्याच्यावर तीन ठिपके, म्हणजे नुक्ते, दिले की शीन. घाईत लिहिणारे ते तीन दातही काढत नाहीत, एक लांब रेघ ओढतात, आणि ठिपक्यांच्या जागी एखादी चिमटीएवढी खूण करतात, किंवा तीही विसरतात. वाचणारा संदर्भानं समजून घेतो. बाँड रायटरनं समोर जे दिसलं तेच उतरवलं. ठिपके नाहीत, म्हणून किसन.

"म्हणजे यांनी मुद्दाम किसन लिहिलं की किशनवर ठिपके द्यायचे राहिले, हे कसं कळणार?" मी विचारलं.

"बाकीचं पान बघा ना." त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक ओळींवरून फिरवलं. लातूर शहर, तर शहरावर ठिपके नाहीत. शेत, त्यावर नाहीत. शिवार, नाहीत. शंभर, नाहीत. दहा ठिकाणी शीन पाहिजे होता आणि दहाही ठिकाणी सीन. "यांच्या हिशेबानं हा माणूस सहरात राहतो आणि सेत कसतो. मग याचा किसन म्हणजे किशन असायला काय हरकत?"

किशनचा चेहरा खुलला. मास्तर मात्र पुढं वाचत होते. खालून तिसऱ्या ओळीपाशी त्यांची पेन्सिल थांबली.

"हे एक सोडून."

तिथं तीन ठिपके होते. एक, दोन, तीन, वेगवेगळे, दाबून दिलेले. शब्द होता शांता. 'शांताची चांदीची वाटी लेकीला द्यावी.'

परतताना रिक्षात आम्ही दोघंही बोललो नाही. किशन बाहेर बघत होता, आणि मी, मेली सवय, पुराव्याचा विचार करत होते. आईच्या नावावर ठिपके दिलेत हे पाहून मुलाचं जे व्हायचं ते झालं होतं. पण उलटतपासणीत हाच शब्द त्याच्यावर उलटला असता. साहेब, या माणसाला ठिपके देता येत होते. जिथं श पाहिजे तिथं दिलेत. किशनवर दिले नाहीत, कारण त्याला किशन म्हणायचंच नव्हतं.

भिंतीवर काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला, आणि दुसऱ्या मिनिटाला विचारलं, "मंग वाटी कुणाकडं हाय?" माणूस असाच असतो.

महिना संपत आला. किशनच्या वकिलानं सांगितलं, दावा लावू, चार-सहा वर्षं जातील, निकाल आपल्या बाजूनं लागायला हरकत नाही. हरकत नाही, म्हणजे खात्री नाही. मला त्यातल्या त्यात एकाच गोष्टीचं बरं वाटत होतं, की आप्पांनी जागा कोरी सोडली नव्हती. आमच्याकडं असे कागद यायचे: 'माझी जागा ......... यास द्यावी', नाव नंतर भरू म्हणून राहून गेलेलं. कोऱ्या जागेत कोण होतं हे सांगायला मग हजार साक्षीदार आणा, कायदा ऐकत नाही. चुकलेल्या नावाबद्दल तो ऐकून तरी घेतो.

सुनावणीच्या दोन दिवस आधी थोरला किसन नांदेडला आला. गुरुद्वाऱ्यात दर्शन घेतलं, लंगरात जेवला आणि मग आत्याकडं. मी भिंतीच्या माझ्या बाजूला होते. ऐकू येत होतं. ऐकायलाच उभी होते म्हणा.

काकूंनी त्याला चहा दिला आणि कच्च्या कागदाची सगळी हकीकत सांगितली, सीन, शीन, शहर, शेत. थोरल्यानं बशीत चहा ओतला, फुंकला.

"आत्या, त्यात मराठीत काय लिव्हलंय? कारकून का मुनीम?"

"कारकून."

"अन् उर्दूत?"

काकूंनी मला हाक मारली. मी लगेच उत्तर दिलं, तेव्हा त्यांना कळलं असेल मी किती लांब होते ते. उर्दूतही कारकूनच होतं. मास्तरांनी तो शब्द दोनदा वाचला होता, कारण तो त्यांना नीट लागला होता.

थोरल्यानं बशी खाली ठेवली. "मी जिनिंगमधी होतो तवा काका गावात सगळ्यांना सांगायचे, माझा पुतण्या माझ्यासारखाच मुनीम झाला. चाळीस वर्षं मुनीम होते ते. एकदा मीच म्हणलो, काका मी कारकून हाय, तर म्हणले, गप, कारकून सरकारचा असतो, पगार येतो अन् पेन्शन येते. मुनीम मालकाचा. तुला पेन्शन हाय का?" तो हसला. "आत्या, काकांनी मला जन्मात कधी कारकून म्हणलं न्हाई. चुकून बी नाही."

मी भिंतीवर हात ठेवून उभी राहिले. एकतीस वर्षांत मी शब्द मोजत आले, शिक्के तपासत आले, आणि महिनाभर आम्ही सगळे एका ठिपक्याभोवती फिरत होतो. शेजारचा शब्द कुणी वाचलाच नव्हता. आडनावाशिवाय, दाखल्याशिवाय, आप्पांनी माणूस नेमका सांगून ठेवला होता. त्यांच्या बाजारात ज्याला तो शब्द ऐकू गेला असता, त्यानं विचारलंही नसतं की कोणता किसन.

"मग हरकत कामून घेतलास रे?" काकूंनी विचारलं.

थोरल्यानं उत्तर दिलं नाही. बायकोचं नाव त्यानं घेतलं नाही, विहिरीचंही नाही.

सुनावणीला त्यानं जबाब दिला की मृत्युपत्रातला किसन म्हणजे माझा आतेभाऊ किशन, माझी हरकत मी मागं घेतो. पुण्याच्या भावांचे जबाब यायला तीन आठवडे लागले. हरकत राहिली असती तर त्यांचा फायदा होता, पण हरकत घेणाराच उठून गेल्यावर त्यांना एकट्यानं वाईट दिसायचं नव्हतं. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली. सातबाऱ्यावर किशन आलं, श सकट. किशननं ते तिथल्या तिथं अक्षर-अक्षर वाचून घेतलं, मग सही केली. आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या: आठवड्यातले तीन दिवस थोरल्याच्या रानाला. ते मात्र मी स्टँपवर लिहून द्यायला लावलं. तोंडी पाळ्या दुसऱ्या पिढीत टिकत नाहीत.

थोरल्याची बायको मात्र अजून काकूंशी धड बोलत नाही. तिचं म्हणणं, तुम्ही आमच्या माणसाला साधं बघून चहा पाजला.

परवा काकू औशाहून आल्या. थोरल्याच्या नातवाचं बारसं होतं. भिंतीवर त्यांनी बत्तासे ठेवले आणि हसत सुटल्या, सांगता येईना.

"अगं, पोराला पाळण्यात घातलं, आत्या नाव सांगायला कानाशी वाकली, अन् आपला धाकटा उठला. म्हणतो, थांबा. आधी कागदावर लिहून दाखवा, मंग कानात सांगा. खिशातून पेन काढलं माय! बायका हसून-हसून खाली बसल्या."

"मग काय ठेवलं नाव?"

"ओम. म्हणे यात स बी नाही, श बी नाही."

"छान की."

"छान कसलं? आता थोरल्याची बायको म्हणूलाली, दाखल्यावर पूजेतला ॐ काढा. अन् किशन सांगूलाला, वहिनी, कॉम्प्युटर ते घेत नाही, ओ अन् म असं लिहा. दोघांचं तेच चालू होतं मी निघाले तवा. पण बोलली बाई त्याच्याशी. पहिल्यांदा बोलली."

काकूंनी एक बत्तासा माझ्या हातावर ठेवला आणि शेवग्याकडं बघून म्हणाल्या, "त्या दिवशीची शेंग कुठं गेली गं माझी?"